पोतं आपलं, पावडर कुणाची?

आमच्या विक्री करारातली एक अट अशी आहे : 'या किंवा आधीच्या कोणत्याही बिलाची पूर्ण रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा होईपर्यंत मालाची मालकी विक्रेत्याकडेच राहील.' ही अट घातली तेव्हा वारंगा फाट्यावरचे आणि वसमतचे ओळखीचे व्यापारी मला हसले होते. 'शेठ, हळद एकदा गाडीत चढली की गिऱ्हाइकाची. कागदावर काय लिहिता?' असं म्हणत होते. आज त्यातलेच काही जण त्या कराराची प्रत मागायला येतात. मी देतो. पण देताना ती अट कुठपर्यंत पोचते आणि कुठे संपते हेही सांगतो. माझी १२० पोती तिच्यामुळे परत आली, आणि बाकीची हळद तीच अट असताना गेली.

खरेदीदार मसाल्याची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. नाव लिहीत नाही. २०२४ च्या हंगामात एप्रिल, मे आणि जून असे तीन लॉट दिले. प्रत्येक लॉट १०० क्विंटल, म्हणजे ५० किलोची २०० पोती. सेलम जातीची, पॉलिश केलेली हळकुंडं. भाव १४,००० रुपये क्विंटल. एका लॉटचे १४ लाख, त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे बिल १४ लाख ७० हजारांचं. तिन्ही मिळून ४४ लाख १० हजार. जमा झाले ते १० लाख, तेही एकरकमी आणि कोणत्या बिलापोटी हे न लिहिता. शेतकऱ्यांचे पैसे मी काट्यावरून उतरताच दिले होते. सरकारचा जीएसटीही ज्या त्या महिन्यात भरला. मालकी राखून ठेवली म्हणून जीएसटी थांबत नाही. पूर्ण पैसे मिळाल्यावर मालकी जाईल असा करार असला तरी तो जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार मालाचा पुरवठाच धरतात. म्हणजे माझ्या मालकीचा माल, त्याचे पैसे मिळालेले नाहीत, आणि त्यावरचा कर मी भरलेला.

त्यांचा खरेदी मॅनेजर मार्चमध्ये इकडे आला होता. फाट्यावर खिचडी खाल्ली, पोती उघडून हळकुंडं मोडून पाहिली, रंग पाहिला, ओलावा मोजला. 'तुमचाच माल आम्हाला पाहिजे,' म्हणाला. एप्रिल-मेमध्ये रोज फोन करायचा, गाडी कधी निघाली, बिल्टी पाठवा, ई-वे बिल पाठवा. जुलैपासून तोच माणूस फोन उचलेना. उचलला की 'अकाउंट्सला विचारा', अकाउंट्सला विचारलं की 'डायरेक्टर साहेब बाहेर आहेत'. ज्याच्या सहीने माल उतरला त्यानेच मला ऑगस्टमध्ये 'आपण कोण?' विचारलं. पैसे बुडणं व्यापारात होतं. पण हे मी विसरलेलो नाही.

आमच्या एका ट्रकवाल्याने सांगितलं, की कारखान्याच्या कामगारांचे पगार थकलेत. त्या आठवड्यातच मी तिथे गेलो. आणि खरं काय ते मला त्या कारखान्यात कळलं, कुठल्या वकिलाच्या खोलीत नाही.

दळण विभागात पल्व्हरायझरच्या शेजारी रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. सगळ्यात वर आमचा मार्का, निळ्या शाईचा. त्याच्या खाली सांगलीच्या कुणाचा तरी, त्याच्या खाली निजामाबादचा. हॉपरमध्ये तीन ठिकाणची हळकुंडं एकत्र ओतलेली होती. सुपरवायझर तरुण होता, मनाने चांगला. मी म्हणालो, ही हळद माझी आहे, पैसे दिलेले नाहीत. तो म्हणाला, 'काका, असेल तुमची. पण आता यातली तुमची कुठली ते तुम्हीच दाखवा.' मला दाखवता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं. हळकुंड असेपर्यंत जाणता माणूस सांगलीचं आणि आपलं वेगळं करू शकतो. पावडर झाली की कुरकुमिनची तपासणी केली तरी फक्त त्या मिश्रणाचा आकडा मिळतो, कुणाचं किती ते मिळत नाही. पुढच्या खोलीत तीच पावडर मिरची, धणे, मीठ यांच्याबरोबर मसाल्याच्या पाकिटात भरली जात होती.

गोदामात मात्र जूनच्या लॉटची १४० पोती होती तशी उभी होती. शिवण न उसवलेली, मार्का आणि लॉट नंबर स्पष्ट. मी त्याच दिवशी परत न्यायला गाडी मागवली. गेटवर अडवलं. मॅनेजर आला नाही, त्याने सुरक्षारक्षकाकडून निरोप पाठवला, 'चार दिवसांत आरटीजीएस होईल.' जबरदस्तीने आत शिरलो असतो तर मीच गुन्हेगार ठरलो असतो. म्हणून स्टोअरकीपरकडून एका साध्या कागदावर यादी करून घेतली : मार्का, लॉट नंबर, पोत्यांची संख्या, तारीख, त्याची सही, कंपनीचा शिक्का. फोटो काढले. संध्याकाळी कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली, की करार मोडला आहे, माल वापरायची परवानगी आजपासून बंद, ही पोती उघडू नयेत. चार दिवसांत पैसे आले नाहीत. त्यांनी त्यातली २० पोती नोटिशीनंतर दळली.

आता अट कशामुळे टिकते आणि कुठे गळते, ते सांगतो.

१९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मालकी कधी जाईल हे विकणारा आणि घेणारा ठरवतात. काहीच ठरलेलं नसेल तर कलम २० येतं : ठरलेला, द्यायला तयार असलेला माल असेल तर करार होताच मालकी घेणाऱ्याची, पैसे नंतर द्यायचे असले तरी. आपल्याकडे बहुतेकांचं तेच होतं. कलम २५ विकणाऱ्याला मुभा देतं, की अट पूर्ण होईपर्यंत माल आपल्या हक्कात ठेव. म्हणून अट लिहिलेली हवी, आणि ती माल जाण्याआधी मान्य झालेली हवी. नुसती बिलाच्या खाली बारीक अक्षरात छापलेली अट पुरत नाही, कारण बिल माल गेल्यावर पोचतं आणि घेणारा म्हणतो, मी हे कबूल केलंच नव्हतं. या कंपनीच्या खरेदी ऑर्डरवर त्यांनी छापलं होतं, की कारखान्यात माल उतरताच मालकी कंपनीची. मी ती ओळ पहिल्याच ऑर्डरवर खोडून, शेजारी आमची अट लिहून, त्यांच्या अधिकाऱ्याची 'मान्य' अशी सही घेतली होती. पुढे त्यांचा वकील तीच छापील ऑर्डर घेऊन उभा राहिला तेव्हा ही खोडलेली प्रत कामी आली. मला किचकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कंपनीने दुसरा डाव टाकला तो १० लाखांचा. म्हणाले, ते पैसे जूनच्या लॉटचे होते, म्हणजे गोदामातल्या पोत्यांचे बरेचसे पैसे मिळालेले आहेत. आमच्या अटीत 'कोणत्याही बिलाची' असे शब्द असल्याने याने फरक पडत नव्हता. तरी दुसरा आधारही होता. करार कायद्याचं कलम ५९ म्हणतं, पैसे देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी ते सांगितलं तर तसे धरायचे. कलम ६० म्हणतं, त्याने सांगितलं नाही तर पैसे घेणारा ठरवू शकतो. मी पैसे आले त्याच दिवशी पत्र पाठवून ते एप्रिलच्या बिलात जमा धरले होते. यामागे हिशेब आहे. कारखाना आधी आलेला माल आधी दळतो. म्हणून येतील ते पैसे सगळ्यात जुन्या बिलात घाला. जी हळद पावडर झाली तिची बाकी कमी होते, आणि जी पोत्यात उभी आहे ती पूर्ण थकीत राहते. असं प्रत्येक जमेला लेखी कळवा, एका ओळीत कळवा, पण कळवा.

आता पावडरीचं. या प्रश्नावर गाजलेले खटले इंग्लंडमधले आहेत. आपल्या कोर्टावर ते बंधनकारक नाहीत, पण वकील ते दाखवतात आणि त्यातला तर्क आपल्या मालाला तंतोतंत लागतो. १९७६ चा रोमाल्पा खटला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा. डच पुरवठादाराने मालकी राखली होती. घेणारी कंपनी बुडाली तेव्हा कारखान्यात न वापरता पडलेली फॉइल त्याला परत मिळाली, विकलेल्या काही फॉइलचे पैसेही मिळाले. तेव्हापासून तिकडे या अटीला रोमाल्पाची अट म्हणतात. मग १९७९ चा बॉर्डन खटला. तिथे राळ दिली होती, लाकडाच्या भुश्यात मिसळून चिपबोर्ड करायला. कोर्ट म्हणालं, चिपबोर्ड झाला की राळ उरलीच नाही, जी वस्तू उरली नाही तिची मालकीही उरली नाही. त्याउलट १९८४ च्या एका खटल्यात डिझेल इंजिनं जनरेटरच्या सांगाड्याला बोल्टने बसवली होती. इंजिनांवर नंबर होते, बोल्ट काढले की इंजिन जसंच्या तसं. तिथे मालकी टिकली.

म्हणजे कसोटी एकच : माल परत वेगळा काढता येतो का, आणि तो तोच माल राहिला का? पोत्यातली हळद इंजिनासारखी. मसाल्यातली हळद राळेसारखी. पण मधे एक तिसरी अवस्था आहे, तिथेच भांडण होतं : नुसती हळद नुसत्या हळदीत मिसळली, दुसरं काही घातलं नाही.

याबाबत आपल्या १८७२ च्या करार कायद्यात चक्क तरतूद आहे. कलम १५५, १५६ आणि १५७. दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेला माल मिसळला तर काय, हे त्यात आहे. मालकाच्या संमतीने मिसळला तर मिश्रणात दोघांचा आपापल्या प्रमाणात हिस्सा. संमतीशिवाय मिसळला पण वेगळा करता येतो, तर ज्याचा त्याला, आणि वेगळा करण्याचा खर्च मिसळणाऱ्याचा. संमतीशिवाय मिसळला आणि वेगळा होत नाही, तर नुकसानभरपाई. उदाहरणंही आपल्याच बाजाराची वाटावीत अशी : १५६ खाली मार्का असलेल्या कापसाच्या १०० गाठी दुसऱ्या मार्क्याच्या गाठींत मिसळल्या, तर १०० गाठी परत. १५७ खाली ४५ रुपयांच्या पिंपातलं पीठ २५ रुपयांच्या पिठात मिसळलं, तर पीठ परत नाही, भरपाई.

हे वाचून मला वाटलं होतं, आता पावडरीत आपला हिस्सा आहे. आमच्या वकिलांनी थांबवलं. ते म्हणाले, ही कलमं ठेवीच्या मालाची आहेत. ठेवीत तोच माल परत द्यायचा असतो किंवा मालक सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची असते. तुम्ही तर दळायला, मिसळायला, विकायला परवानगी देऊन माल पाठवला. मग कंपनी तुमचा माल सांभाळणारी कशी? हा मुद्दा समोरचा वकील नक्की काढणार, आणि तो कच्चा नाही.

मग अटीतच लिहायचं का, की पावडरीवर, मसाल्यावर आणि त्याच्या विक्रीच्या पैशांवरही आमची मालकी? बरेच जण इंटरनेटवरून अशी अट उतरवून घेतात. हे सगळ्यात धोक्याचं आहे. कारण पावडर, पाकीट, मिरची, वीज, मजुरी यातलं बहुतेक कंपनीचं. त्यावर आपला हक्क सांगायचा म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवर आपल्या उधारीपोटी बोजा घेणं. कोर्ट अटीचं नाव बघत नाही, तिचं काम बघतं. आणि कंपनीवरचा बोजा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो. न नोंदवलेला बोजा लिक्विडेटर आणि दुसरे धनको मानत नाहीत. हळदीच्या एकेका लॉटसाठी कुणी बोजा नोंदवत नाही. तेव्हा अट दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा : पहिल्यात फक्त न वापरलेल्या, मार्का असलेल्या मालाची मालकी. मिश्रणाबद्दल काही हवंच असेल तर ते दुसऱ्यात, आणि 'दुसरा परिच्छेद अवैध ठरला तरी पहिला टिकेल' असं वाक्य जोडून. एकत्र लिहिलं तर पोत्यांचा पक्का हक्कही पावडरीच्या कच्च्या हक्काबरोबर वाहून जायचा.

पाकिटं बाजारात गेली की मग प्रश्नच मिटला. माल विक्री कायद्याच्या कलम ३०(२) प्रमाणे ज्याच्या हाती विकणाऱ्याच्या संमतीने माल आहे, त्याच्याकडून प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याला चांगली मालकी मिळते. किराणा दुकानदाराने आपल्याशी काय केलंय?

पोलिसांकडे जाऊन काही होत नाही, हेही सांगून टाकतो. विश्वासघाताची फिर्याद द्यावी असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. ऑगस्ट २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाचा दिल्ली रेस क्लब खटल्याचा निकाल आला. तिथे घोड्यांचं धान्य आणि ओट पुरवणाऱ्याचे पैसे थकले होते. न्यायालयाने सांगितलं, विक्रीत मालकी घेणाऱ्याकडे जाते, मग सोपवलेला माल आणि त्याचा विश्वासघात हा गुन्हा होत नाही, पैशासाठी दिवाणी दावा करा. आमच्या अटीने आमचं प्रकरण थोडं वेगळं पडतं, असं म्हणता आलं असतं. पण दळायची परवानगी आम्हीच दिलेली. वकिलांनी ती वाट धरू दिली नाही आणि मला ते पटलं.

सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अर्ज बँकेने केला होता. मी करूही शकलो नसतो, २४ मार्च २०२० पासून किमान एक कोटीची थकबाकी लागते. अर्ज दाखल होऊन आदेश झाला की दिवाळखोरी संहितेचं कलम १४ लागतं, आणि त्यात स्पष्ट आहे : कंपनीच्या ताब्यात असलेली वस्तू तिच्या मालकालाही परत नेता येत नाही. नोटीस, गाडी, दावा, सगळं थांबतं. मला हे अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. पण कलम १८ च्या स्पष्टीकरणात असंही आहे, की दुसऱ्याच्या मालकीची, करारामुळे कंपनीच्या ताब्यात असलेली मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेत धरायची नाही. म्हणजे आता माल नेऊ शकत नाही, पण तो कंपनीचाही नाही. ज्याची अट पक्की आहे त्याचा जीव या दोन कलमांच्या मधे अडकतो.

दावे मागवणारी जाहीर सूचना नांदेड-हिंगोलीच्या पेपरात आलीच नाही. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे, तिथल्या आवृत्तीत येते. दुसऱ्या एका पुरवठादाराच्या फोनमुळे कळलं. गिऱ्हाइकाचे पैसे अडकले असतील तर आयबीबीआयच्या संकेतस्थळावर त्याचं नाव दर आठवड्याला शोधा. दावा द्यायची मुदत साधारण दिवाळखोरी व्यावसायिकाच्या नेमणुकीपासून १४ दिवसांची असते.

बँकेचा माणूस आला तेव्हा गोदामातल्या सगळ्या पोत्यांकडे हात करून म्हणाला, 'हे आमच्याकडे तारण आहे, स्टॉक स्टेटमेंटमध्ये आहे.' त्या स्टेटमेंटमध्ये कंपनीने आमची पोतीही स्वतःची म्हणून दाखवली होती. आमच्या वकिलांचं उत्तर : कंपनी स्वतःचा माल तारण देऊ शकते, माझा नाही. शिवाय कॅश क्रेडिटमध्ये उचल किती द्यायची हे ठरवताना बँक स्टॉकमधून उधारीवर घेतलेल्या मालाची रक्कम वजा करते, म्हणजे ज्या मालाचे पैसे दिलेले नाहीत त्यावर बँकेने कर्ज द्यायचंच नसतं. यावर तो अधिकारी काही बोलला नाही, पण 'तुमच्यासारखे खूप येतात' एवढं मात्र म्हणाला. माझ्यासारखे खूप येत नाहीत. करार, मार्का, यादी आणि नोटीस घेऊन फार थोडे येतात.

दिवाळखोरी व्यावसायिकाने, ज्यांना सगळे आरपी म्हणतात, गोदामाची मोजणी केली. आमच्या मार्क्याची १२० पोती. स्टोअरकीपरच्या सही-शिक्क्याच्या यादीशी लॉट नंबर जुळले. त्यांनी लेखी कळवलं, की ही पोती कंपनीच्या मालमत्तेत धरत नाही, पण सोडायला न्यायाधिकरणाची परवानगी घ्या. ती मिळायला हिवाळा उजाडला. तोवर तळाच्या थराला कीड लागली होती, चाळून-निवडून घ्यावी लागली. तो खर्च आमचा. तरी ६० क्विंटल हळद, बिलाच्या हिशेबाने ८ लाख ८२ हजारांची, घरी आली. राहिलेले २५ लाख २८ हजार दाव्यात आहेत. तिथे आमच्यापुढे तारणवाली बँक आणि कामगार आहेत. त्यातून काय येईल त्यावर मी काही बांधलेलं नाही.

आता काय करायचं. गिऱ्हाईक नीट पारखून घ्या, उधारी मर्यादेत ठेवा, ओळखीवर जाऊ नका, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. आपला माल दळला जाणार असेल तर ही अट फक्त दळण्याआधीच्या दिवसांचं संरक्षण आहे. म्हणून लॉट लहान ठेवा. कारखाना महिन्याला ५० क्विंटल दळत असेल तर एका वेळी १०० पाठवू नका, आणि आधीच्या लॉटचे पैसे आल्याशिवाय पुढची गाडी भरू नका. पोत्यावर लॉट नंबर पुसणार नाही अशा शाईने टाका, आणि तोच नंबर बिलावर आणि बिल्टीवर लिहा. करारात ठेवा, की माल वेगळ्या थप्पीत ठेवायचा आणि आम्हाला कधीही येऊन मोजता येईल. मग खरंच जाऊन मोजा, आणि मोजल्याच्या कागदावर सही घ्या. वाद होईल तेव्हा कराराइतकाच हा कागद लागतो.

ज्याच्यावर थोडाही संशय आहे त्याला विकूच नका, दळायला द्या. म्हणजे बिलाऐवजी जॉबवर्कचं डिलिव्हरी चलान, हळद आपली, दळणाची मजुरी त्याला, पावडर आपण घ्यायची आणि आपण विकायची. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यायला हवा. यात खरी ठेव होते आणि वर सांगितलेली करार कायद्याची कलमं नीट लागतात. कटकट वाढते, पण मालकी शेवटपर्यंत राहते. किंवा हळद वखार महामंडळाच्या गोदामात ठेवा आणि जितके पैसे येतील तितकीच पोती सोडा. माल आपल्या ताब्यात असण्याइतकी पक्की अट कुठल्याच करारात लिहिता येत नाही.

उद्यम नोंदणीचाही एक धडा. लघुउद्योगांच्या कायद्यातली ४५ दिवसांची मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज नुसत्या व्यापाऱ्याला मिळत नाही. २०२१ पासून व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य कर्जापुरती. सफाई, पॉलिश, दळण असं काम करत असाल तर नोंदणीत तेच दाखवा, आणि माल देण्याआधी नोंदणी करा.

आणि दिवाळखोरीचा दावा भरताना एक गोष्ट अजिबात चुकवू नका. पुरवठादारासाठी फॉर्म बी असतो. घाईत बहुतेक जण त्यात पूर्ण बाकी लिहून मोकळे होतात. आमच्या ओळखीच्या एकाने तसंच केलं. त्याची पोतीही गोदामात होती. पोत्यांची किंमतसुद्धा येणं म्हणून मागितली, म्हणजे माल विकला गेला हे त्यानेच मान्य केलं, असा अर्थ आरपीने काढला. माझ्या फॉर्ममध्ये १२० पोत्यांची रक्कम मी वगळली होती. त्याच फॉर्ममध्ये मालकी राखून ठेवण्याच्या अटीची माहिती द्यायची जागा आहे, तिथे अटीचा मजकूर, लॉट नंबर, पोत्यांची संख्या आणि यादीची तारीख लिहिली. सोबत वेगळं पत्र जोडलं, की ही पोती माझ्या मालकीची आहेत, ती कंपनीच्या मालमत्तेत धरू नयेत, आणि काही कारणाने ती मिळाली नाहीत तर त्यांची किंमत दाव्यात वाढवण्याचा हक्क राखून ठेवत आहे. फॉर्म आणि पत्र दोन्ही ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि पोचपावती करारासोबतच ठेवा.